स्प्रिंकलर फिरतो, पण पाणी कुठे पडतं?

जानेवारीत वऱ्हाडातल्या एखाद्या टेकाडावरून खालच्या हरभऱ्याकडे पाहिलं की काही शेतं एकसारखी हिरवी दिसत नाहीत. ठरावीक अंतरावर गडद हिरवे, गच्च वाढलेले पट्टे दिसतात आणि त्यांच्या मधल्या जागेत झाडं बुटकी, फिकट. बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशी झालेली, खतही सगळीकडे सारखंच. फरक असतो तो पाण्याचा. ते पाणी स्प्रिंकलरने दिलेलं असतं आणि स्प्रिंकलरचं पाणी पावसासारखं सगळीकडे सारखं पडतं, असा आपला समज असतो.

हरभरा हे पीक या बाबतीत फार बोलकं आहे. पाणी कमी पडलं तर घाटे भरत नाहीत, हे कोणालाही कळतं. पण पाणी जास्त झालं तरी तो तेवढंच नुकसान करतो. झाड माजतं, कायिक वाढ होते, फुलं-घाटे मागे पडतात, आणि काळ्या भारी जमिनीत मुळांशी हवा न राहिल्याने झाड पिवळं पडतं. म्हणून एकाच शेतात काही ठिकाणी जास्त आणि काही ठिकाणी कमी पाणी पडलं, तर दोन्हीकडे उत्पन्न घटतं. शेताला एकूण पाणी बरोबर दिलं तरी हे घडतं.

या विषयावर शेतकऱ्यांशी बोलताना एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं. ‘‘सगळे फिरून राह्यले ना भाऊ, मग अजून काय पाहायचं?’’ फिरणारा स्प्रिंकलर म्हणजे चालू असलेला स्प्रिंकलर, एवढंच आपल्याला डोळ्यांनी दिसतं. पण तो फिरतो ते हातोडीसारखी वागणारी एक दांडी पाण्याच्या धारेत येऊन आपटते म्हणून. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा इथे ऑर्टन एंगलहार्ट या लिंबूवर्गीय फळबागवाल्याने १९३३ साली ही रचना केली आणि आजही आपल्या शेतातले पितळी किंवा प्लॅस्टिकचे स्प्रिंकलर त्याच तत्त्वावर टक्टक् करत फिरतात. ती दांडी हलवायला फार दाब लागत नाही. त्यामुळे दाब निम्म्यावर आला तरी स्प्रिंकलर फिरतच राहतो. फिरणं हा पाणी सारखं पडत असल्याचा पुरावा नाही.

नोझलमधून निघणारी धार जवळून पाहिली तर गोष्ट समजते. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा स्प्रिंकलर दोन नोझलचा असतो. पुढच्या नोझलचं छिद्र ४.४ मिलिमीटरचं आणि मागच्याचं ३.२ मिलिमीटरचं. मोठ्या नोझलची धार लांब जाते, लहान नोझल जवळची जागा भिजवतं. दाब योग्य असेल, म्हणजे अडीच किलोच्या आसपास, तर धार नोझलपासून थोडं अंतर काचेसारखी एकसंध राहते, मग फुटत जाते आणि जाता जाता वाटेत सगळीकडे थेंब टाकते. अशा वेळी स्प्रिंकलरच्या जवळ सर्वांत जास्त आणि लांब जाऊ तसतसं हळूहळू कमी होत जाणारं पाणी पडतं. दाब कमी असेल तर धार नीट फुटत नाही. पाण्याचे जाड थेंब शेवटच्या टोकाला एका कड्यात कोसळतात आणि मधला पट्टा कोरडा राहतो. हे जाड थेंब काळ्या मातीच्या ढेकळांवर आदळून वरचा थर दाबून टाकतात, म्हणजे पुढचं पाणीही आत मुरत नाही. उलट दाब फार वाढला तर धारेचं धुकं होतं, ते स्प्रिंकलरच्या आसपासच पडतं आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या धुऱ्यावर जातं.

दाब आणि पाणी यांचं नातं सरळ नाही. नोझलमधून निघणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. दाब अर्ध्यावर आला तर पाणी अर्धं होत नाही, ते फक्त तीस टक्क्यांनी कमी होतं. म्हणून बादली लावून पाहिली तरी फार फरक जाणवत नाही, आणि संच ‘बरा चालतोय’ असं वाटतं. बिघडतं ते पाण्याचं वाटप. ते बादलीत दिसत नाही.

आता एक शेत घेऊ. मध्यम काळी जमीन, एक हेक्टर हरभरा, विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर. एचडीपीई पाईप ७५ मिलिमीटरचे, प्रत्येकी सहा मीटर लांब. दोन पाईप सोडून एक रायझर, म्हणजे ओळीत बारा मीटरवर एक स्प्रिंकलर. ओळ उचलून पुढे न्यायची तीही बारा मीटरवर. ही १२ बाय १२ ची मांडणी. प्रत्येक स्प्रिंकलरच्या वाट्याला १४४ चौरस मीटर जमीन येते. अडीच किलो दाबाला ४.४ आणि ३.२ ची जोडी सेकंदाला जवळपास अर्धा लिटर पाणी देते. १४४ चौरस मीटरवर ते तासाला सुमारे १२ मिलिमीटर पावसाइतकं होतं.

पाच अश्वशक्तीची मोटर विहिरीतून पाणी वर उचलून, नळीतलं घर्षण सोसून, एवढ्या दाबाने साधारण आठ स्प्रिंकलर चालवू शकते. नेमका आकडा विहिरीच्या खोलीवर आणि पंपाच्या प्रकृतीवर ठरतो. पण ओळीत आठ लावले की एकदा उचलून नेण्यात ११५२ चौरस मीटरच भिजतं, म्हणून शेतकरी चार जास्त लावतो. बारा लावले की बाराही फिरतात. फक्त दाब दीड किलोवर येतो. इथे गडबड सुरू होते, आणि ती मोजता येते.

मोजायला लागतात एकसारखे डबे. कडा धारदार, भिंती सरळ आणि तोंड रुंद असलेले, सगळे एकाच मापाचे. चार स्प्रिंकलरच्या मधला एक चौकोन घ्यायचा, बारा मीटर बाय बारा मीटर. त्यात तीन-तीन मीटरवर, पिकाच्या वर तोंड येईल असे सोळा डबे सपाट बसवायचे. सुटा संच असेल तर ओळ एका जागी ठरलेला वेळ चालवायची, डबे न हलवता ओळ बारा मीटर पुढे न्यायची आणि तेवढाच वेळ पुन्हा चालवायची. मग डब्यातलं पाणी पट्टीने मोजायचं. सरळ भिंतीच्या डब्यात जेवढे मिलिमीटर पाणी दिसतं, तेवढे मिलिमीटर पाऊस त्या जागी पडला. उन्हात डब्यातलं पाणी उडून जातं, म्हणून हे काम पहाटे किंवा संध्याकाळी, वारा नसताना करावं.

समजा आपल्या शेतात बारा स्प्रिंकलरच्या ओळीवर, दीड किलो दाबाला, प्रत्येक जागी सव्वा दोन तास चालवून सोळा डब्यांत हे पाणी मिळालं, मिलिमीटरमध्ये:

३० २२ २० २८
२० १३ १२ १८
१८ ११ १२ १७
२७ १९ २१ ३२

चारही कोपऱ्यांत स्प्रिंकलर आहेत. सगळ्या डब्यांची बेरीज ३२०, सरासरी २० मिलिमीटर. सरासरी पाहिली तर छान पाणी पडलं. पण मधल्या चार डब्यांत ११ ते १३ आणि कोपऱ्यातल्या एकात ३२. एकाच चौकोनात जवळपास तिप्पट फरक.

हा फरक एका आकड्यात बसवण्याची रीत १९४२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जे. ई. क्रिस्तियान्सन यांनी सांगितली आणि आजही जगभर तीच वापरतात. प्रत्येक डबा सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, जास्त-कमी याचं चिन्ह न पाहता. आपल्या सोळा डब्यांत ही अंतरं मिळून ८० होतात. ८० ला एकूण ३२० ने भागलं की पाव येतो, म्हणजे २५ टक्के. शंभरातून २५ वजा केले की ७५. ही झाली समानता, टक्क्यांत. शेतातल्या पिकांसाठी हा आकडा निदान ८४-८५ असावा, असं धरलं जातं. म्हणजे ७५ हे नापास.

दुसरी रीत आणखी सोपी आहे आणि शेतकऱ्याच्या जास्त उपयोगाची आहे, असं माझं मत आहे. सर्वांत कमी पाणी असलेले चार डबे घ्यायचे, म्हणजे सगळ्यांचा चतुर्थांश. इथे ते ११, १२, १२ आणि १३. त्यांची सरासरी १२. तिला एकूण सरासरीने, म्हणजे २० ने भागायचं. उत्तर ६० टक्के. शेताचा सर्वांत तहानलेला पाव भाग सरासरीच्या फक्त ६० टक्के पाण्यावर आहे, असा याचा अर्थ.

आता या साठ टक्क्यांची किंमत काढू. घाटे भरण्याच्या वेळी हरभऱ्याला ४० मिलिमीटर पाणी द्यायचं आहे. तहानलेल्या पाव भागालाही ४० मिळावं असं वाटत असेल, तर सरासरी जवळपास ६७ मिलिमीटर पाणी टाकावं लागेल. तोपर्यंत सर्वांत ओल्या कोपऱ्यात १०७ मिलिमीटर पडलेलं असेल. तिथला हरभरा माजणार, चिबडणार, पिवळा पडणार. एवढं पाणी टाकायला त्या दाबाने ओळ एका जागी साडेसात तास चालवावी लागते. बारा स्प्रिंकलर एका वेळी १७२८ चौरस मीटर भिजवतात, म्हणजे एक हेक्टर व्हायला एकूण ४३ तासांच्या वर मोटर चालते.

मग त्याच मोटरवर चार स्प्रिंकलर कमी करून आठच ठेवले आणि दाब अडीच किलोवर आला. पावणे दोन तास प्रत्येक जागी चालवलं, तर सरासरी तेवढीच २० मिळते, पण डबे असे भरतात:

२४ २१ २० २३
२० १७ १६ १९
१९ १६ १७ २०
२२ २० २१ २५

इथे सरासरीपासूनची अंतरं मिळून ३२ होतात. ३२० पैकी ३२ म्हणजे दहा टक्के, समानता ९०. सर्वांत कमी चार डब्यांची सरासरी साडेसोळा, म्हणजे ८२ टक्क्यांच्या वर. आता तहानलेल्या भागाला ४० मिलिमीटर मिळायला सरासरी साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर टाकलं की पुरतं आणि सर्वांत ओल्या डब्यात ६१ च्या आसपास पडतं. ओळ एका जागी सव्वाचार तासच चालते. एक हेक्टर व्हायला सुमारे ३७ तास.

हे अंक मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यातलं गणित कोणत्याही शेताला लागू पडतं. आठ स्प्रिंकलर बारा स्प्रिंकलरपेक्षा शेत लवकर पुरं करतात. ओळ उचलण्याच्या खेपा सहाच्या ऐवजी नऊ होतात, ही मजुरी वाढते हे खरं. पण सहा-साडेसहा तास वीज वाचते. पाण्याचाही हिशेब पाहा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. ६७ आणि साडेअठ्ठेचाळीस यांच्यातला फरक सुमारे अठरा मिलिमीटर, म्हणजे एका पाळीला एक लाख ऐंशी हजार लिटर. जानेवारीत तळाला गेलेल्या विहिरीत हे पाणी पिकाच्या दुसऱ्या पाळीला कामी येतं.

दाब बघायला शेतात मीटर नसतो, ही अडचण खरी आहे. स्प्रिंकलरच्या धारेत धरायचा छोटा दाबमापक बाजारात मिळतो, त्याची बारीक नळी नोझलपासून अगदी जवळ धारेच्या मध्यात धरली की काटा दाब दाखवतो. तो नसेल तर पाण्याची नळी आणि बादली पुरते. स्प्रिंकलरची दांडी हाताने अडवून धरायची, पुढच्या ४.४ च्या नोझलवर सैल नळी बसवायची आणि तिचं पाणी पंधरा लिटरच्या बादलीत घ्यायचं. अडीच किलो दाबाला बादली साधारण ४७ सेकंदांत भरते. एक मिनिट लागलं तर समजायचं की दाब दीड किलोच्या आसपास आहे. हीच तपासणी ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या स्प्रिंकलरवर करावी. ओळीत दाबाचा फरक वीस टक्क्यांच्या आत असावा, असा नियम आहे. त्यामुळे पाण्यातला फरक दहा टक्क्यांच्या आत राहतो.

हा वीस टक्क्यांचा नियम नळीच्या जाडीशी बांधलेला आहे. ७५ मिलिमीटरच्या नळीवर आठ स्प्रिंकलर असले तर शंभर मीटर लांबीत घर्षणाने एक मीटरसुद्धा दाब जात नाही. पण ओळ दुप्पट लांब करून सोळा लावले तर चार मीटरच्या वर जातो. अडीच किलो म्हणजे पंचवीस मीटर पाण्याची उंची, तिचे वीस टक्के म्हणजे पाच मीटर. सोळाला आपण काठावर येतो. हीच ओळ ६३ मिलिमीटरच्या नळीची असेल तर दहा मीटरहून जास्त दाब वाटेतच खर्च होतो, शेवटच्या स्प्रिंकलरला उरतो दीड किलो. लांबी दुप्पट केल्यावर नळीत पाणीही दुप्पट वाहतं, म्हणून घर्षण दुपटीने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतं. ओळीच्या टोकाकडचा हरभरा नेहमी बुटका राहत असेल, तर खत बघण्याआधी नळीची जाडी बघा.

बादलीची तपासणी एका ठिकाणी फसवते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात बारीक वाळू येत असेल तर नोझलचं छिद्र घासून मोठं होतं. ४.४ चं ४.८ झालं तर छिद्राचं क्षेत्रफळ एकोणीस टक्क्यांनी वाढतं आणि दाब कमी असूनही बादली वेळेत भरते. म्हणून छिद्र आधी तपासावं. लोखंडाला भोक पाडायच्या ४.४ मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा नोझलमध्ये घालायचा. तो घट्ट सरकला तर नोझल ठीक, हलला-डुलला तर बदलायचं. एका ओळीत काही नोझल जुने झिजलेले आणि काही नवे, ही सर्वांत वाईट अवस्था. बदलायचे तर पूर्ण ओळीचे बदलावेत. नोझल स्वस्त असतात आणि एका मापाचे नोझल मागून घेताना त्यावर कोरलेला आकडा वाचून घ्यावा. चोंदलेलं नोझल तारेने किंवा खिळ्याने खरवडलं की छिद्राची कडा बिघडते आणि धार वाकडी जाते. त्यासाठी लाकडी काडी वापरावी.

आता अंतराकडे येऊ. पाईप सहा मीटरचे असल्याने अंतर सहाच्या पटीतच मिळतं, बारा किंवा अठरा. बारा बाय अठरा मांडली तर ओळ उचलायच्या खेपा तिसऱ्या हिश्शाने वाचतात आणि हा मोह फार मोठा असतो. किती अंतर चालेल हे वारा ठरवतो. स्प्रिंकलर एकूण किती रुंद वर्तुळ भिजवतो ते आधी बघायचं. आपल्या जोडीचं ते अडीच किलोला साधारण २८ मीटर असतं. वारा नसेल तर या रुंदीच्या ६५ टक्क्यांपर्यंत अंतर ठेवता येतं. वारा ताशी साडेसहा किलोमीटरपर्यंत असेल तर ६० टक्के, त्याच्या दुपटीपर्यंत ५० टक्के आणि तेरा किलोमीटरच्या वर गेला तर फक्त ३० टक्के. अठरा मीटर हे अठ्ठावीसचे चौसष्ट टक्के. म्हणजे पान हलत नसलेल्या रात्रीच ते अंतर बरं. दुपारच्या वाऱ्यात तीच मांडणी मधला पट्टा उघडा टाकते. बारा मीटर मात्र ४३ टक्के आहे, ते सौम्य वाऱ्यातही निभावतं. दाब कमी झाल्यावर वर्तुळच लहान होतं आणि ही टक्केवारी आपोआप बिघडते, म्हणून अंतराचा प्रश्न दाबापासून वेगळा काढता येत नाही.

वारा धारेला वाऱ्याच्या दिशेने लांबवतो आणि आडव्या दिशेने अरुंद करतो. त्यामुळे ओळ वाऱ्याला आडवी टाकावी. ओळीतले स्प्रिंकलर एकमेकांच्या जवळ असतात, ते अरुंद झालेल्या बाजूला एकमेकांना सांभाळून घेतात. रात्रपाळीच्या विजेला शेतकरी शिव्या देतो, आणि रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जाणं किती कठीण आहे ते मला माहीत आहे. पण तुषारच्या बाबतीत रात्री वारा पडलेला असतो आणि बाष्पीभवनही कमी, त्यामुळे पाणी जिथे टाकू तिथे पडतं. पर्याय असेल तर पहाटेचे तास निवडावेत.

नोझल कोणतं घ्यायचं हा प्रश्न अखेरीस जमीन ठरवते. तासाला बारा मिलिमीटरचा पाऊस हलक्या, मुरमाड किंवा पोयट्याच्या जमिनीत सहज मुरतो. चिकण काळ्या जमिनीत सुरुवातीला भेगांमधून पाणी भराभर जातं, पण जमीन भिजून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग तासाला पाच मिलिमीटरच्याही खाली येऊ शकतो. मग सरींमध्ये पाणी साचतं, उतारावरून खालच्या अंगाला वाहतं आणि हवेत कितीही सारखं फेकलं तरी जमिनीवर ते विषमच होतं. डबे मात्र ९० टक्के समानता दाखवत राहतात, कारण ते पाणी पडलं कुठे ते सांगतात, मुरलं कुठे ते सांगत नाहीत. म्हणून पाळी चालू असताना शेवटच्या तासात शेतात फिरावं. पाणी चकाकत उभं असेल, पावलाखाली चिखल सरकत असेल, तर नोझल त्या जमिनीला मोठं आहे.

अशा जमिनीत मागचं ३.२ चं नोझल बूच लावून बंद करता येतं आणि पुढे ४ मिलिमीटरचं लावता येतं. मग एका स्प्रिंकलरचं पाणी सेकंदाला पाव लिटरच्या थोडं वर येतं आणि बारा बाय बाराला तासाला साडेसहा मिलिमीटर पडतं. मागच्या नोझलचं जवळचं पाणी कमी होतं, ते शेजारच्या स्प्रिंकलरची धार भरून काढते, कारण ती बारा मीटर ओलांडून येते. म्हणूनच ही जोडणी अठरा मीटरवर करू नये. दुसरा फायदा असा, की प्रत्येक स्प्रिंकलर कमी पाणी घेत असल्याने त्याच मोटरवर चौदापर्यंत स्प्रिंकलर अडीच किलो दाबाने चालू शकतात, आणि आठ तासांत पन्नास मिलिमीटरच्या वर पाणी पडत असल्यामुळे वीज येताना ओळ लावली की जाताना उचलायची, मध्ये हलवायची गरज नाही. वीज आठ तास मिळत असलेल्या भारी जमिनीच्या शेतकऱ्याने मी तर हेच करावं म्हणेन.

बदल करायला पैसे नसतील तर एक जुनी युक्ती आहे. पहिल्या पाळीत ओळी जिथे टाकल्या होत्या, त्यांच्या बरोबर मधे, म्हणजे सहा मीटर सरकवून, दुसऱ्या पाळीत टाकायच्या. पहिल्या पाळीत कोरडा राहिलेला पट्टा दुसऱ्या पाळीत ओला होतो. दोन पाळ्यांची मिळून समानता काढायला साधा नियम आहे: एका पाळीच्या समानतेचं वर्गमूळ घ्या आणि दहाने गुणा. ७५ चं वर्गमूळ ८.६६, म्हणजे दोन पाळ्यांची मिळून सत्याऐंशीच्या जवळ. भुईमुगाला किंवा गव्हाला सहा-सात पाळ्या असतात, तिथे हे फार उपयोगी. हरभऱ्याला मात्र फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशा दोनच पाळ्या बहुतेक जण देतात, ऐन फुलोऱ्यात तुषारचं पाणी टाळतात. महिनाभराचं अंतर पडलेल्या दोन पाळ्यांत एकीची चूक दुसरी पूर्ण भरून काढत नाही. त्यामुळे हरभऱ्याला ही युक्ती आधार म्हणून ठेवावी, दाब आणि नोझल यांना पर्याय म्हणून नाही.

राहिल्या दोन छोट्या गोष्टी. रायझर सरळ उभा असला पाहिजे. ओल्या काळ्या मातीत तो कलतो, आणि कललेल्या स्प्रिंकलरची धार एका बाजूला जमिनीत घुसते आणि दुसऱ्या बाजूला उंच उडून वाऱ्यावर जाते. आणि पाईप जोडणाऱ्या कपलरमधलं रबर दर हंगामाआधी बघावं. तिथून गळणारं पाणी दिसतं थोडं, पण दाब खाली आणायला ते पुरतं.

पुढची पाळी सुरू करण्याआधी सोळा डबे जमवा, एक चौकोन मोजा आणि सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी काढा. ती एकूण सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली आली, तर त्याच दिवशी ओळीतले दोन स्प्रिंकलर काढून बंद करा आणि पुन्हा मोजा.